आधी दुसऱ्याले

बाबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमरावतीच्या घराच्या कोपऱ्यावर, कडुनिंबाखाली, रांजण घासत होते. एका हातात नारळाची शेंडी, दुसऱ्या हातात राख, आणि तोंडात बाबांच्या नावानं शिव्या. खोटं कशाला सांगू? त्या क्षणी मी त्यांना मनापासून शिव्या देत होते. पाडवा होऊन पंधरा दिवस झाले होते आणि अकोल्याच्या दवाखान्यात, नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावून पडलेला हा माणूस दोन दिवस उजव्या हातानं एकच खूण करत होता. मूठ वळायची, हात खाली न्यायचा, वर आणायचा, पुढं ओतायचा. ओगराळं. पाणपोई. यंदा पाणपोई कुठं आहे? डॉक्टर म्हणाले, ताप उतरलाय, उद्या मास्क काढून बघू. तेव्हा मीच चिडून म्हटलं, "जाते बाबा, मांडून येते तुमची पाणपोई, मंग तरी गप पडसान?" आणि सकाळची बस धरली. दुपारी बाराच्या सुमारास प्रकाशचा, माझ्या नवऱ्याचा, फोन आला. "सुमन, तू आधी कुठी तरी बस," तो म्हणाला. मी बसले नाही. राखेचे हात तसेच धरून उभी राहिले, आणि मनात पहिला विचार काय आला असेल तर हा, की अर्धा रांजण घासून झालाय, तो आता असाच सोडायचा का... घासून टाकला मी पूर्ण. मगच घराला कुलूप लावलं. हे मी प्रकाशला अजून सांगितलेलं नाही.

बाबा भूमापन खात्यात होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेताचे बांध मोजले. वरुड, मोर्शी, शेंदूरजनाघाट, सगळा तो संत्र्याचा मुलूख त्यांनी पायांनी मोजलेला. तरुणपणी एकदा मोजणीच्या कामात भर उन्हात ते तहानेनं चक्कर येऊन पडले होते म्हणे, आणि बगिच्याच्या एका रखवालदारानं त्यांच्या तोंडात पाणी घातलं होतं. ती हकिगत ते फार वेळा सांगत नसत, पण त्या वर्षापासून आमच्या घराच्या कोपऱ्यावर पाणपोई सुरू झाली ती या वर्षापर्यंत कधी चुकली नाही. पाडव्याला तुराट्यांचा मांडव घालायचा, रेतीत दोन रांजण अर्धे पुरायचे, भोवती ओलं पोतं गुंडाळायचं, आत वाळ्याची पुरचुंडी सोडायची. प्यायला पेला नाही. येणाऱ्यानं ओंजळ धरायची आणि लांब दांड्याच्या ओगराळ्यानं आपण वरून धार धरायची. मोझरीच्या आश्रमात जाऊन आल्यावर तर बाबांचा हा सेवाभाव आणखीच वाढला. गल्लीत त्यांना मान होता. रिक्षावाले, हमाल, कॉलेजची पोरं, सगळे त्यांना 'भाऊ' म्हणत. घरात मात्र त्यांच्या चपलांचा आवाज आला की आई हातातलं काम लपवायची. काम लपवायचं कारण काय, ते तिलाही सांगता आलं नसतं. कोणत्याही कामात त्यांना खोट दिसायची, आणि खोट दिसली की उजवा हात उठायचा. मी एकुलती एक. त्यामुळं तो हात वाटून घ्यायला दुसरं कोणी नव्हतं.

उन्हाळ्याच्या सुटीत पाणपोईवर बसायचं काम माझं. तिथला नियम एकच होता आणि तो बाबांनी मांडवाच्या बल्लीवर खडूनं लिहून ठेवला होता: आधी दुसऱ्याले, मंग आपल्याले. रांजणावर बसणाऱ्यानं समोर कोणी तहानलेलं उभं असताना स्वतः प्यायचं नाही. मी अकरा वर्षांची असेन. मे महिना. दुपारी एक म्हातारी समोरून येताना दिसत होती, अजून रस्त्याच्या पलीकडेच होती, आणि मी ओगराळं भरून सरळ तोंडाला लावलं. उष्टं केलं. बाबा खिडकीतून पाहत होते. बाहेर आले, म्हातारीला स्वतः पाणी पाजलं, 'माय, सावलीत बस' म्हणाले, आणि मग माझ्याकडं वळले. एक थोबाडीत बसली. तेवढ्यावर भागलं असतं तर मी विसरलेही असते. पण त्यांनी मला दिवस मावळेपर्यंत तिथंच बसवलं. येईल त्याला पाणी द्यायचं, स्वतः थेंब घ्यायचा नाही. "तहान काय असते हे देनाऱ्याले समजलं पाह्यजे," म्हणाले. मी दिलं. किती जणांच्या ओंजळीत धार धरली कोण जाणे. त्यांच्या गळ्याची घाटी वरखाली होताना मी बघत होते, जीभ टाळूला चिकटली होती. आई दोनदा दारात आली आणि दोनदा परत गेली. संध्याकाळी प्रार्थनेला बसताना त्यांनी स्वतःच्या हातानं मला तांब्या दिला. मी तो घेतला नाही म्हणून पुन्हा मार खाल्ला. असा हिशेब होता आमचा.

मागच्या दिवाळीनंतर बाबांना झटका आला. आई जाऊन सहा वर्षं झाली होती, ते अमरावतीला एकटेच राहत. शेजारच्या रिक्षावाल्या गुलाबकाकांनी, म्हणजे बाबांच्या पाणपोईवरच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकानं, त्यांना उचलून दवाखान्यात नेलं. मी अकोल्याहून पोचले तोवर डावं अंग गेलं होतं. हात, पाय, तोंडाची डावी बाजू. वाचा जड झाली पण शब्द राहिले. निकामी झाला तो डावा हात. मारायचा तो उजवा शाबूत होता. हे माझ्या लगेच लक्षात आलं, आणि लक्षात आल्याची लाजही वाटली. पहिले काही दिवस नाकातून नळी होती, दूध, वरणाचं पाणी, औषधं सगळं तिच्यातून. ती त्यांनी दोनदा उपटली. तेव्हा नर्सनं मला त्यांचा उजवा हात कापडाच्या पट्टीनं पलंगाच्या दांडीला सैल बांधायला सांगितलं. मी बांधला. गाठ मारली आणि ती सैल आहे ना ते दोन बोटं घालून पाहिलं.

नळी काढण्याआधी गिळण्याची तपासणी झाली. स्पीच थेरपिस्ट बाईंनी चमच्यानं पाणी दिलं, मग दाट केलेलं पाणी, मग मऊ खिचडी. साधं पाणी घेतलं की बाबांचा आवाज घोगरा, ओला यायचा, आणि मिनिटभरानं खोकला. बाईंनी मला समजावून सांगितलं. घशाचे स्नायू आळसावलेत, पातळ पाणी पळतं, अन्ननलिकेचं दार उघडायच्या आत ते श्वासनलिकेत उतरतं. कधी खोकलाही येत नाही आणि पाणी गुपचूप फुप्फुसात जातं, मग न्यूमोनिया. म्हणून साधं पाणी बंद. ही पावडर घालून मधासारखं दाट करायचं. ताठ बसवून द्यायचं, हनुवटी छातीकडं झुकवून, छोट्या चमच्यानं, एक गिळला की मगच दुसरा. प्रत्येक दोन-तीन चमच्यांनी 'आ' म्हणायला लावायचं. आवाज ओला आला की थांबायचं. खाऊन झाल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. "आणि तीन आठवड्यांनी परत घेऊन या," त्या म्हणाल्या, "बऱ्याच जणांचं सुधारतं." मी सगळं वहीत उतरवून घेतलं. टपाल खात्यात पंचवीस वर्षं काढलेली बाई मी, सूचना पाळण्यात माझा हात कोणी धरणार नाही. बाबांना घेऊन आम्ही अकोल्याला, जुन्या शहरातल्या आमच्या घरी आलो.

सेवा म्हणजे काय हे ज्यांना करावी लागली नाही त्यांना वाटतं की उशाशी बसून कपाळावर हात फिरवायचा. कपाळ हा शरीराचा फार लहान भाग आहे हो. दर दोन तासांनी कूस बदलायची, गुडघ्यांमध्ये उशी, टाच अधांतरी राहील अशी पोटरीखाली घडी. हवेची गादी असली तरी कंबरेखाली, माकडहाडावर, दिवसातून दोनदा पाहायचं; कातडी लाल झाली आणि बोटानं दाबून पांढरी पडली नाही तर समजायचं की जखम आतून सुरू झाली. डायपर. जांघेतल्या घड्या कोरड्या करायच्या. बाबांचं डाव्या बाजूकडं लक्षच जात नसे, ताटातला डावा अर्धा भात तसाच राहायचा, आणि घास डाव्या गालात साठून राहायचा. तो बोटाला गॉज गुंडाळून काढावा लागे. ज्या तोंडाच्या एका शब्दानं माझं लहानपण गारठून जायचं, त्या तोंडात बोट घालून मी गालातला भात काढत होते. दिवसा मी पोस्टात असताना कांताबाई यायच्या, शेजारच्या गल्लीतल्या, आजारी माणसं सांभाळायचं काम करणाऱ्या. त्या बाबांशी गप्पा मारत कामं करायच्या. मी गप्प राहून करायची. काम माझं चोख होतं, कुठं पाठीला पुरळ नाही की वास नाही. पण पुसताना माझा हात जरा जास्तच भरभर चालायचा. केस विंचरताना फणी अडकली तर मी ती सोडवायचे नाही, ओढायचे. बाबा हूं की चूं करत नसत. नुसते डोळे मिटून घेत. त्याचाच मला आणखी राग यायचा.

आणि पाणी. डोळे उघडले की 'पाणी'. मी दाट केलेलं चमच्यानं द्यायची. ते तोंडात घोळवून तिरस्कारानं म्हणायचे, "खळ पाजते मले. पाणी दे." मी म्हणायची, "नाही चालत." एवढंच. समजावून सांगितलं नाही असं नाही, पण पहिल्या आठवड्यानंतर ते सोडून दिलं. 'नाही चालत' हे दोन शब्द म्हणताना मला छातीत काहीतरी सैल झाल्यासारखं वाटायचं, हे मी आधी स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. डॉक्टरांनी नाही म्हटलं होतं, माझ्या मनानं नव्हे. मला नुसतं पाळायचं होतं. पण तो 'नाही' माझ्या जिभेवर इतका गोड लागावा... दिवसातून वीसदा ते मागत आणि वीसदा मी देत नसे. कर्तव्य आणि सूड एकाच पेल्यात घातले तर वेगळे कसे करणार? प्रकाशला एकदा विचारलं तर तो म्हणाला, "मामाजीचं भलंच करून राहिली ना तू? मंग कायले डोकं फोडते?" प्रकाशचं बरं आहे.

डिसेंबरात एक दिवस गुलाबकाका भेटायला आले. येताना अमरावतीच्या घरच्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून आणलं होतं. बाबांना ते पाणी आवडायचं. त्यांनी बाबांच्या उशाशी बसून टोपण उघडलं, बाबांनी उजवा हात पुढं केला, आणि मी मध्ये हात घालून बाटली काढून घेतली.

"काका, त्याहिले साधं पाणी बंद हाये. फुप्फुसात जाते."

"एक घोट बी नाही?"

"नाही."

गुलाबकाका माझ्याकडं पाहत राहिले. वाईट वाटून नव्हे, अविश्वासानं. "सुमन, साऱ्या दुनियेले पाणी पाजलं या मानसानं. अन् तू यालेच नाही म्हनते?" मग हळूच म्हणाले, "डॉक्टर लोकाहिचं ठीक हाये बाई, पन तहानेल्याले नाही म्हनत नसते. पाप लागते." बाबा आमच्या दोघांकडं पाहत होते. मी बाटली स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. काका चहा न घेता गेले.

ते गेल्यावर बाबांनी पुन्हा हात पुढं केला. "पाणी दे, सुमे." आणि माझं डोकं फिरलं. तीस-चाळीस वर्षांचं जे साचलं होतं ते सगळं एकाच वाक्यातून बाहेर पडलं, आणि वाक्यही माझं नव्हतं, त्यांचंच होतं. मी वाकून, त्यांच्या तोंडाशी तोंड नेऊन म्हणाले, "आधी दुसऱ्याले, बाबा. मंग आपल्याले. तुमीच लिहिलं होतं ना? बसा आता तहानेले. समजलं पाह्यजे तहान काय असते." बाबांचा हात पुढं तसाच राहिला. मग सावकाश खाली गेला. ते रडले असते तर मला सोपं गेलं असतं. चिडले असते, थुंकले असते, तरी चाललं असतं. त्यांनी नुसतं तोंड भिंतीकडं वळवलं.

त्या दिवसानंतर बाबांनी पाणी मागितलं नाही. एकदाही नाही. दाट केलेलं दिलं तर निमूट घेत. 'आ' म्हणा म्हटलं की 'आ' म्हणत. घरात शांतता झाली, आणि ती शांतता मला चावायला लागली. ही शिक्षा ते मला देत होते, की स्वतःला? की त्यांना खरंच वाटलं होतं की पोरगी बरोबर बोलली, नियम तो नियम? बाबांना नियमाचं असं वेड होतं की हेही शक्य होतं. मी रोज ठरवायची की आज बोलते, म्हणते की तसं म्हणायचं नव्हतं. पण ते खोटं झालं असतं, कारण तसंच म्हणायचं होतं. आणि जेवढं बोलणं लांबत गेलं तेवढ्या मी सूचना आणखी काटेकोर पाळायला लागले. पावडरचं माप, चमच्याचं माप, अर्ध्या तासाचं घड्याळ. एक सूचना मात्र राहून गेली. तीन आठवड्यांनी परत आणा. सुरुवातीला म्हटलं, शंभर किलोमीटर झोपवून न्यायचं, गाडी पाहा, रजा पाहा, पुढच्या आठवड्यात जाऊ. मग म्हटलं, मागत तर नाहीत, काय घाई आहे? वहीचं ते पान रोज डोळ्यांसमोर असायचं आणि मी रोज त्याच्या खालची ओळ वाचायची. अकोल्यातही कोणी तपासणारं असेल हे मी विचारलंसुद्धा नाही. टपाल खात्यात पंचवीस वर्षं काढली म्हटलं ना, एक पत्र पोचवायचं विसरले असं कधी झालं नाही. मग हे विसरले, असं कोणत्या तोंडानं म्हणू?

संक्रांतीनंतर कांताबाई एक दिवस म्हणाल्या, "ताई, बाबाजीची लाळ गळत नाही आताशा. उशी कोरडी राहते. बोलनं बी साफ आलं. एकदा दाखवून या ना." त्यांनी सहज म्हटलं आणि माझे कान तापले. पुढच्याच आठवड्यात गाडी करून आम्ही अमरावतीला गेलो. त्याच बाई. पाण्याचा चमचा, गळ्यावर बोटं, 'आ' म्हणा. आवाज कोरडा, स्वच्छ. पुन्हा चमचा, पुन्हा स्वच्छ. त्या खूश झाल्या. "चमच्यानं साधं पाणी सुरू करा," म्हणाल्या. "आधी तोंड नीट स्वच्छ करायचं, दात, जीभ, गाल, सगळं, म्हणजे चुकून गेलंच आत तर जंतू जायला नकोत. जेवणानंतर अर्ध्या तासानं. ताठ बसवून." मग फाईल चाळून मला विचारलं, "तीन आठवड्यांनी बोलावलं होतं ना मी? तेव्हाच आला असता तर कदाचित तेव्हाच सुरू केलं असतं." रागावून नाही बोलल्या. सहज बोलल्या. बाबा चाकाच्या खुर्चीत बसून ऐकत होते. मी त्यांच्याकडं पाहिलं नाही. म्हणजे दोन महिने या माणसाला पाणी मिळू शकलं असतं आणि ते मी दिलं नाही, आणि देत नाही म्हणायला आता डॉक्टरांचं नावही माझ्यापाशी नव्हतं.

घरी आल्यावर त्यांना खुर्चीत ताठ बसवलं, पाठीला उशी, डाव्या काखेखाली उशी. तोंड पुसलं, दोनदा. माठातलं पाणी वाटीत घेतलं, छोटा चमचा घेतला. प्रकाश बाहेर होता, कांताबाई गेल्या होत्या. घरात आम्ही दोघंच. मी चमचा त्यांच्या ओठांशी नेला. बाबांनी ओठ मिटून घेतले.

"घ्या ना बाबा. साधं हाये. चालते आता."

त्यांनी उजव्या हातानं माझं मनगट धरलं. अजून जोर होता त्या हातात. लहानपणी तो असा जवळ आला की मी डोळे मिटून घ्यायची. आताही मिटले गेले. पण त्यांनी चमचा नुसता वळवला. माझ्याकडं. "तू," ते म्हणाले. "आधी तू."

मला आधी संताप आला. इतकं सगळं झालं, अर्धं अंग गेलं, तरी या माणसाचा नियम काही जात नाही! "मले तहान नाही," मी म्हणाले. ते ऐकेनात. "आधी तू, सुमे." चमच्यातलं पाणी माझ्या साडीवर सांडलं होतं. मी पुन्हा चमचा भरला आणि प्याले. त्यांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्या आधी. ते माझ्या गळ्याकडं पाहत होते. गिळलेलं पाहून त्यांनी मान हलवली आणि मग आ केला. मी चमचा दिला. हनुवटी खाली, गिळलं. आवाज कोरडा. दुसरा चमचा, आधी मला. तिसरा, आधी मला. असं आम्ही वाटीभर पाणी संपवलं, आणि मी केव्हापासून रडत होते ते मला कळलं नाही. ती माफी होती का? मला काय माहीत. बाबांना माफी मागता येत नव्हती हे खरं, पण त्यांना नियम पाळता येत होता हेही तेवढंच खरं. खोलीत दुसरं माणूस मीच होते. नियमाप्रमाणं आधी दुसऱ्याले. मे महिन्यातल्या त्या दुपारची त्यांना आठवण होती की नाही, हे मी विचारलं नाही. विचारायला जीभ उचलली होती, दोनदा. ते 'नाही' म्हणाले असते तर मी काय केलं असतं...

त्यानंतर सात-आठ आठवडे बरे गेले. रोज जेवणानंतर वाटी, चमचा, आधी मी, मग ते. माझा हात पुसताना सावकाश चालायला लागला असं कांताबाई म्हणाल्या. मला वाटत नाही. राग गेला नव्हता. कधी फणी अडकली की अजूनही मी ओढायची, आणि मग थांबून सोडवायची. मार्चअखेर पोस्टात कामाचा रेटा होता. एक सकाळ घाईची गेली. त्या सकाळी मी तोंड पुसून पाणी दिलं की तसंच दिलं, ते मला आठवत नाही. खरंच आठवत नाही. दोन दिवसांनी ताप आला, श्वास भरभर चालायला लागला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, उजव्या फुप्फुसात न्यूमोनिया. मी त्यांना त्या सकाळचं सांगितलं. ते म्हणाले, पाण्यानंच झालं असं नाही सांगता येणार, झोपेत स्वतःची लाळही जाते, एवढ्या दिवसांच्या पडून असलेल्या माणसाला कशानंही होतं. चांगुलपणानं म्हणाले. मी तो चांगुलपणा घेतला आणि बाजूला ठेवून दिला. मी पाणी दिलं नाही तेव्हा ते जगले. दिलं तेव्हा गेले. न देण्यात माझा राग होता आणि देण्यात... देण्यात काय होतं, ते एका शब्दात सांगता आलं असतं तर हा लेख मी लिहिलाच नसता. शेवटपर्यंत त्यांनी हातानं ओगराळ्याची खूण केली, ती यंदाच्या पाणपोईसाठी की 'पाणी दे' म्हणून, हेही मला नक्की कळलेलं नाही. मी पाणपोईचा अर्थ लावला, आणि त्यांना सोडून अमरावतीला निघून आले.

तेरवी झाल्यावर पाणपोई सुरू केली. गुलाबकाका आता रोज रांजण भरतात. बल्लीवर खडूनं त्यांनीच पुन्हा तेच लिहिलं. मी पुसलं नाही. त्या डिसेंबरातल्या बाटलीबद्दल ते बोलले नाहीत, मीही नाही. मागच्या रविवारी मी तासभर बसले तिथं, पुढं आलेल्या ओंजळींवर धार धरली, घामानं निथळले. कोणी समोर नव्हतं तेव्हा ओगराळं भरलं आणि तोंडाशी नेलं, आणि मान आपोआप खिडकीकडं वळली. खिडकी बंद होती. किल्ली माझ्याच पर्समध्ये होती.

अकोल्याच्या घरात त्यांची खुर्ची अजून तिथंच आहे. वाटी आणि छोटा चमचा मांडणीवर आहे. कांताबाई म्हणाल्या, देऊन टाका कोणाले तरी, मी हो म्हटलं आणि दिलं नाही. काल दुपारी पोस्टातून उन्हाची आले, माठातून पेला भरून घेतला, आणि तो हातात धरून तशीच उभी राहिले. प्रकाश पेपर वाचत होता. त्यानं मान वर करून विचारलं, "कोनाची वाट पाहून राहिली? पी ना."

"तुले पाह्यजे का?" मी विचारलं.

"मले नाही."

"घे ना थोडं."

तो उठला, माझ्या हातातून पेला घेऊन दोन घोट प्याला आणि परत दिला. तेव्हा कुठं मला पाणी पिता आलं.